नव्या दुकानदाराला दिलेला दम कधी खरा ठरतो?

एका शहरात एखाद्या मालाचे एकच दुकान आहे आणि ते एका मोठ्या कंपनीचे आहे. त्याच शहरातला एक व्यापारी तशाच मालाचे दुसरे दुकान काढायच्या विचारात आहे. कंपनी त्याला दम देते की दुकान काढलेत तर भाव इतके पाडू की तुम्ही वर्षभरही टिकणार नाही. या दमाला घाबरून व्यापाऱ्याने बेत सोडावा की दुकान काढून मोकळे व्हावे, याचे उत्तर कंपनीच्या आकारावर किंवा तिच्या आवाजातल्या जोरावर ठरत नाही. ते शोधायची एक पद्धत गेम थिअरीत आहे. घटनाक्रम शेवटच्या निर्णयापासून सुरू करून उलट्या दिशेने, पहिल्या निर्णयापर्यंत तपासत यायचा. हिलाच बॅकवर्ड इंडक्शन म्हणतात.

वरचे उदाहरण जर्मन अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ड झेल्टेन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातले आहे आणि पुढचे आकडेही त्यांचेच आहेत. व्यापाऱ्याने दुकान काढलेच नाही तर शहर कंपनीच्या एकटीच्या ताब्यात राहते. तिला ५ इतका नफा होतो आणि व्यापाऱ्याला आपले भांडवल दुसरीकडे गुंतवून १ मिळतो. त्याने दुकान काढले आणि कंपनीने त्याला सामावून घेतले, म्हणजे दोघांनी शहाण्यासारखे भाव ठेवून गिऱ्हाईक वाटून घेतले, तर दोघांना प्रत्येकी २ मिळतात. कंपनीने भाव पाडून लढाई केली तर दोघांच्याही हाती ० येते. हे आकडे लाखांत धरा किंवा कोटींत, युक्तिवाद बदलत नाही.

ही सगळी हकीकत झाडासारखी कागदावर काढता येते. बुंध्याशी व्यापाऱ्याचा निर्णय असतो आणि तिथून दोन फांद्या फुटतात. ‘बाहेर राहणे’ ही फांदी तिथेच संपते आणि तिच्या टोकाशी कंपनीचे ५ आणि व्यापाऱ्याचा १ असे आकडे लिहिलेले असतात. ‘दुकान काढणे’ ही फांदी पुढे एका गाठीपाशी जाते आणि त्या गाठीवर निर्णय कंपनीचा असतो. तिथून पुन्हा दोन फांद्या निघतात. ‘सामावून घेणे’ या टोकाशी दोघांचे २-२ आहेत आणि ‘लढणे’ या टोकाशी ०-०.

आता मागून सुरुवात करायची. कंपनीच्या गाठीवर आपण पोहोचलो आहोत असे धरू. दुकान उघडलेले आहे, पाटी लागली आहे, माल आला आहे. या क्षणी कंपनीपुढे दोनच वाटा आहेत, २ देणारी आणि ० देणारी. ५ मिळवून देणारी वाट आता झाडावर मागे राहिली आहे आणि तिकडे परतता येत नाही. साहजिकच कंपनी २ घेते. म्हणजे लढाईची फांदी या झाडावर कधीच वापरात येणार नाही. ती खोडून टाकायची आणि गाठीवरच ‘२, २’ असे लिहून ठेवायचे. मग एक पायरी मागे, व्यापाऱ्याच्या निर्णयाकडे यायचे. त्याच्यापुढचा हिशोब आता अगदी सोपा झालेला असतो. बाहेर राहिले तर १, आत गेले तर २. तो दुकान काढतो, आणि दम देणारी कंपनी निमूटपणे गिऱ्हाईक वाटून घेते.

झाड पुढून वाचणाऱ्याची इथेच फसगत होते. कंपनीला ५ टिकवायचे आहेत, त्यासाठी ती काहीही करेल, असे त्याला वाटते. कंपनीची इच्छा खरी आहे यात शंका नाही. पण दम खरा करायची वेळ येते ती दम वाया गेल्यानंतरच, आणि त्या वेळी लढून ५ परत मिळत नाहीत. लढाईने व्यापाऱ्याचे २ जातात, तसे कंपनीचेही जातात. दम पारखताना म्हणून एकच प्रश्न विचारायचा असतो. तो अमलात आणायची पाळी आली, तर त्या क्षणी ते करणे दम देणाऱ्याच्या हिताचे असेल का?

हा प्रश्न विचारण्याची गरज का पडली, हेही पाहण्यासारखे आहे. जॉन नॅश यांनी १९५० च्या सुमारास मांडलेली समतोलाची कल्पना या बाबतीत अपुरी पडते. दुसऱ्याची चाल ठरलेली धरली, तर आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती म्हणजे नॅश समतोल. ‘कंपनी लढणार, म्हणून व्यापारी बाहेर’ ही जोडी त्या कसोटीला उतरते. कंपनी लढणारच असे धरले तर व्यापाऱ्याने १ घेऊन बाहेर राहणेच बरे, आणि व्यापारी बाहेरच राहणार असेल तर लढण्याची नुसती घोषणा करण्यात कंपनीचे काहीच जात नाही. हा समतोल टिकतो तो केवळ धमकीची परीक्षा कधी होत नाही म्हणून. झेल्टेन यांनी १९६५ पासून आग्रह धरला की योजना संपूर्ण झाडाला लागू पडली पाहिजे. ज्या गाठीपर्यंत खेळ प्रत्यक्षात पोहोचणार नाही, तिथून पुढेही ती योजना शहाणपणाचीच असली पाहिजे. या कसोटीवर पोकळ धमकीचा समतोल गळून पडतो आणि उलट्या क्रमाने मिळालेले उत्तर तेवढे उरते. १९९४ साली झेल्टेन, नॅश आणि जॉन हार्सानी या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हेही काम होते.

मग प्रस्थापित कंपनी नव्या स्पर्धकाला अडवूच शकत नाही का? शकते, पण त्यासाठी तिला झाडच बदलावे लागते, आणि तेही व्यापाऱ्याने निर्णय घेण्याआधी. ही बाजू नेमकेपणाने मांडली ती अविनाश दीक्षित यांनी. मुंबईत जन्मलेले, तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेले आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन केलेले हे अर्थशास्त्रज्ञ. १९८० साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच मुळी स्पर्धकाला रोखण्यात गुंतवणुकीचे काम काय, हा होता.

त्यांचा मुद्दा वरच्याच आकड्यांवर बसवून पाहता येतो. भाव पाडून लढायचे तर कंपनीला खूप जास्त माल बाजारात ओतावा लागेल आणि त्यासाठी जादा गोदामे, जादा यंत्रे लागतील. लढाईच्या टोकाशी लिहिलेल्या शून्यात हा खर्च आधीच धरलेला आहे असे समजू. हा खर्च २.५ आहे आणि कंपनी तो लढाईची वाट न पाहता आजच करून टाकते. आता टोकांवरचे आकडे नव्याने लिहू. व्यापारी बाहेर राहिला, तर कंपनीला ५ वजा २.५, म्हणजे २.५ मिळतात. तो आला आणि कंपनीने त्याला सामावून घेतले, तर जादा यंत्रे नुसती पडून राहतात आणि २ वजा २.५, म्हणजे अर्ध्याचा तोटा होतो. लढाई झाली तर मात्र कंपनीचा आकडा पूर्वीइतकाच, शून्यच राहतो, कारण लढाईत तो खर्च करावाच लागणार होता, तो फक्त आधी झाला. व्यापाऱ्याचे आकडे कुठेच बदललेले नाहीत.

पुन्हा मागून सुरुवात करू. कंपनीच्या गाठीवर आता सामावून घेतले तर उणे ०.५ आणि लढले तर ०. या वेळी ती लढेल. मग व्यापाऱ्यापुढे आत जाऊन ० किंवा बाहेर राहून १ एवढेच उरते आणि तो बाहेर राहतो. आणखी एक पायरी मागे गेले की कंपनीचा पहिला निर्णय येतो, खर्च करायचा की नाही. केला तर २.५, नाही केला तर जुन्या झाडाप्रमाणे २. ती खर्च करते. गंमत अशी की या खर्चाने कंपनीचा एकही आकडा वाढलेला नाही. दोन टोकांवर तिचे नुकसानच झाले आहे, आणि तरी तिची स्थिती सुधारली. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले असे सांगतात, तेव्हा मावळ्यांच्या हाती एक वाट कमी झाली आणि म्हणूनच ते उलटून लढले. कंपनीही इथे आपली मागे सरण्याची वाट स्वतःच महाग करून ठेवते.

ही युक्ती फार अरुंद जागेत बसते, आणि तिकडे लक्ष द्यायला हवे. खर्च २ पेक्षा कमी असेल तर सामावून घेण्यात अजून थोडा नफा उरतो, कंपनी लढत नाही आणि व्यापारी आत येतो. खर्च ३ पेक्षा जास्त असेल तर मक्तेदारी टिकूनही कंपनीच्या हाती २ पेक्षा कमी उरतात. त्यापेक्षा पहिल्यापासून वाटून घेतलेले बरे. या आकड्यांत अडवणूक जमते ती फक्त २ आणि ३ यांच्या मधल्या पट्टीत.

दुसरी अडचण त्याहून घातक आहे. यंत्रे विकता येत असतील तर? व्यापारी आत आल्यावर कंपनीला ती जादा यंत्रे १ या किमतीला मोडीत काढता आली, तर सामावून घेण्याचा आकडा उणे ०.५ वरून अधिक ०.५ वर येतो. लढाईसाठी यंत्रे लागतात, म्हणून तो आकडा ० च राहतो. कंपनी यंत्रे विकून गिऱ्हाईक वाटून घेते. व्यापाऱ्याला हे आधीच कळते आणि तो आत येतो. या उदाहरणात खर्चाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पैसे परत मिळण्याची सोय असली की सगळा डाव कोसळतो. म्हणून अडवणारी गुंतवणूक अशी लागते की जी दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही आणि हलवताही येत नाही, जसे जमिनीत रोवलेला, एकाच मालासाठी बांधलेला कारखाना. शिवाय ती स्पर्धकाला त्याचा निर्णय होण्यापूर्वी दिसली पाहिजे. न दिसलेल्या कारखान्याने कोणी घाबरत नाही.

दीक्षितांचे मूळ प्रतिमान या दोन-फांद्यांच्या चित्रापेक्षा सूक्ष्म आहे. त्यात कंपनी ‘लढणे’ किंवा ‘सामावणे’ निवडत नाही, तर किती माल काढायचा ते ठरवते. कारखान्याचा खर्च आधीच झालेला असल्यामुळे प्रत्येक जादा नग काढणे तिला स्वस्त पडते, म्हणून स्पर्धक आल्यावरही ती उत्पादन फारसे कमी करत नाही. त्याआधी १९७७ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी सुचवले होते की कंपनी जादा क्षमता नुसती धाक म्हणून रिकामी ठेवेल. दीक्षितांच्या हिशोबात, त्यांनी धरलेल्या मागणीच्या परिस्थितीत, रिकामी क्षमता ठेवणे व्यर्थ ठरते. जी क्षमता स्पर्धक आल्यावर वापरायची नाही तिला कोणी भीत नाही, आणि जी वापरायची ती आधीपासूनच वापरात असते.

प्रत्यक्ष उद्योगात याच्या जवळचे म्हणून अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे उदाहरण नेहमी दिले जाते. रंगाला पांढरेपणा देणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या धंद्यात १९७० च्या सुमारास ड्यूपाँटची एक प्रक्रिया इतरांपेक्षा बरीच स्वस्त पडू लागली, कारण इतरांचा कच्चा माल महागला होता आणि प्रदूषणाचे नियमही कडक झाले होते. त्या जोरावर कंपनीने मागणी वाढण्याच्या आधीच मोठी क्षमतावाढ हाती घेतली, म्हणजे वाढीव मागणीसाठी इतरांनी कारखाने उभारायच्या आत जागा भरून टाकायची. १९७८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर तक्रार दाखल केली आणि १९८० मध्ये ती फेटाळली. कंपनीचा खर्च खरोखर कमी होता आणि अपेक्षित मागणीच्या मानाने वाढ अवाजवी नव्हती, असे आयोगाला वाटले. कायद्याची अडचण इथे स्पष्ट दिसते. मोठा कारखाना स्पर्धकाला अडवतो तसा तो मालही स्वस्त करतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला या दोन हेतूंचा वेगळा माग काढणे कठीण जाते.

आतापर्यंत शहर एकच होते. झेल्टेन यांच्या निबंधाचा खरा विषय मात्र वीस शहरांचा आहे. कंपनीची वीस शहरांत वीस दुकाने आहेत. प्रत्येक शहरात एक-एक व्यापारी पैसे साठवतो आहे, आणि त्यांची पाळी एकामागून एक येते. आधी काय घडले ते प्रत्येकाला ठाऊक असते. सर्वसाधारण माणूस लगेच म्हणेल की कंपनीने पहिल्या एक-दोघांना चांगलाच धडा शिकवावा, म्हणजे बाकीचे वाटेला जाणार नाहीत. हिशोबही तसाच दिसतो. दोघांशी लढून ०, पुढचे पंधरा जण घाबरून बाहेर राहिले तर ७५, आणि शेवटच्या तिघांशी वाटून ६. एकूण ८१. सगळ्यांना सामावून घेतले तर मिळतात फक्त ४०.

पण मागून मोजायला लागले की काय होते पाहा. विसाव्या शहरानंतर धडा घेणारे कोणीच उरत नाही, म्हणून तिथे कंपनी सामावून घेणार. हे विसाव्या व्यापाऱ्याला आधीच माहीत आहे, म्हणजे एकोणिसाव्या शहरात काहीही घडले तरी त्याचा निर्णय बदलणार नाही. मग एकोणिसाव्याशी लढून उपयोग काय? तिथेही सामावून घेणेच बरे. हाच तर्क अठराव्याला, सतराव्याला लागू पडत पार पहिल्या शहरापर्यंत येतो. वीसही व्यापारी दुकाने काढतात आणि कंपनी ४० वर समाधान मानते. युक्तिवादात कुठेही फट नाही, तरी मन मानत नाही. झेल्टेन यांनी याला विरोधाभास म्हटले आणि कबूल केले की कंपनीच्या जागी ते स्वतः असते, तर धाक बसवण्याचाच मार्ग धरला असता.

फट नसलेल्या युक्तिवादात एक गृहीत होते आणि ते फार मोठे होते. कंपनी २ आणि ० यांतून २ घेईल, अशी प्रत्येकाची शंभर टक्के खात्री असायला हवी. १९८२ मध्ये एकीकडे डेव्हिड क्रेप्स आणि रॉबर्ट विल्सन यांनी आणि दुसरीकडे पॉल मिलग्रोम आणि जॉन रॉबर्ट्स यांनी ही खात्री किंचित सैल करून पाहिली. कंपनीचा मालक कदाचित हट्टी असेल, तोटा सोसूनही लढणारा असेल, अशी बारीकशी शंका व्यापाऱ्यांच्या मनात आहे असे धरा. शेवटच्या शहरातला व्यापारी बाहेर राहील तो ही शंका निम्म्याहून जास्त असेल तरच, कारण आत गेल्यावर २ किंवा ० आणि बाहेर राहून १ असा त्याचा सौदा आहे. एक शहर मागे या. इथे हट्टी नसलेली कंपनीही कधीकधी लढेल, कारण लढल्याने तिच्यावरचा हट्टीपणाचा संशय वाढून शेवटच्या व्यापाऱ्याला अडवता येते. ती लढते अगदी मोजून, म्हणजे लढाईनंतर संशय नेमका निम्म्यावर पोहोचेल इतक्याच वेळा. तसे व्हायचे तर लढाईची एकूण शक्यता मूळ संशयाच्या दुप्पट असावी लागते. म्हणून या व्यापाऱ्याला थोपवायला एक चतुर्थांश संशय पुरतो. आणखी एक शहर मागे गेले की एक अष्टमांश, आणि असेच प्रत्येक शहरागणिक निम्मे होत जाते.

दहा शहरे उरली असताना पुरेसा संशय १,०२४ मध्ये एक इतका खाली आलेला असतो. म्हणजे व्यापाऱ्यांच्या मनात हजारात एक एवढीच शंका असली, तरी वीसपैकी पहिल्या अकरा शहरांत कोणीही दुकान काढत नाही. बाराव्यापासून चाचपणी सुरू होते, आणि जसजशी शहरे संपत येतात तसतशी कंपनीची लढण्याची तयारीही ओसरते. इथेही हिशोब शेवटच्या शहरापासून मागेच मोजला आहे. पद्धत तीच राहिली, फक्त कंपनीच्या स्वभावाबद्दलची खात्री काढून घेतली.

या उत्तराची परीक्षा प्रयोगशाळेतही झाली आहे. युन जू जुंग, जॉन केगेल आणि डॅन लेविन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना खरे पैसे लावून हाच खेळ खेळवला, आणि काही फेऱ्यांत लढण्यातच फायदा असलेल्या कंपन्याही मिसळल्या. लढण्यात ज्यांचा तोटा होता असे खेळाडूही सुरुवातीच्या स्पर्धकांशी लढले आणि शेवट जवळ आल्यावर सामावून घेऊ लागले. सिद्धांताने सांगितलेले नेमके प्रमाण मात्र तिथे तंतोतंत उतरले नाही.